विमानात बॅग हरवली तर एअरलाइनला क्लेमचं पत्र कसं लिहायचं: खर्चाची यादी, भरपाईची रक्कम आणि तारखांचं गणित

माझ्याकडे लोक बॅग हरवल्यावर पत्र लिहून घ्यायला येतात तेव्हा बहुतेकांचं अर्धं काम आधीच बिघडलेलं असतं. कुणी महिनाभर कॉल सेंटरला फोन करत बसलेलं असतं आणि हातात लेखी काहीच नसतं, कुणी दोन पानं संताप लिहून पाठवलेला असतो आणि त्यात रक्कमच नसते, आणि कुणी काउंटरवर मिळालेल्या कागदालाच तक्रार समजून निवांत बसलेलं असतं. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिते, कारण या कामात क्रम चुकला की चांगला क्लेमसुद्धा पडतो.

उदाहरण म्हणून शेजारच्या काकूंचीच केस घेते. लेकीच्या बाळंतपणासाठी काकू जानेवारीत मुंबईहून टोरंटोला गेल्या, मधे आखातात विमान बदलायचं होतं, रिटर्न तिकीट, दोन बॅगा. १० जानेवारीला उतरल्या तेव्हा एक बॅग आली, दुसरी, म्हणजे जिच्यात कोट, औषधं, साड्या, बाळाचे कपडे आणि डिंकाचे लाडू होते ती, आलीच नाही, आणि शेवटपर्यंत आली नाही. बाहेर उणे १२. त्यांच्या पत्राचे आकडे पुढे जागोजागी येतील.

टप्पा १: आधी ठरवा, तुमची केस कुठली

आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९ चं मॉन्ट्रियल कन्व्हेन्शन, म्हणजे विमानप्रवासाचा आंतरराष्ट्रीय करार, लागू होतं. भारतात ते २००९ पासून लागू आहे, कॅनडा, ब्रिटन, अमेरिका, युरोपियन युनियन, युएई हेही त्यात आहेत. त्यात बॅगेच्या तीन वेगळ्या केसेस आहेत आणि तिघींच्या तारखा वेगळ्या:

- बॅग मिळाली पण फुटली किंवा आतलं सामान खराब झालं किंवा गायब झालं: बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार.
- बॅग उशिरा मिळाली: बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार, मधल्या खर्चासकट.
- बॅग आलीच नाही: ज्या दिवशी यायला हवी होती त्यानंतर २१ दिवस उलटले की ती हरवली असं धरून तुम्ही भरपाई मागू शकता, एअरलाइनने "हरवली" असं कबूल करायची वाट बघायची गरज नाही. त्याआधीच त्यांनी कबूल केलं तर त्याच दिवसापासून.

आणि या सगळ्यांवर एक मोठी मुदत, मुक्कामी पोचल्याच्या तारखेपासून २ वर्षं. त्यानंतर कोर्टात किंवा ग्राहक आयोगात जायचा हक्क संपतो, मग एअरलाइनने "आम्ही अजून शोधतोय" असं कितीही वेळा लिहिलेलं असो.

काकूंची तारीख अशी निघाली: १० जानेवारीला बॅग यायला हवी होती, ३१ जानेवारीला २१ दिवस पूर्ण, पत्र २ फेब्रुवारीला.

देशांतर्गत फ्लाइट असेल, समजा पुणे ते दिल्ली, तर कमाल मर्यादा माणशी २०,००० रुपये इतकीच आहे. पत्राची पद्धत हीच राहते, फक्त आकडा त्यात बसवावा लागतो.

सावधान: बॅग पाचव्या दिवशी सापडून घरी आली की लोक सुटलो म्हणतात आणि खर्चाची बिलं पडून राहतात. ते २१ दिवस त्याच दिवशी सुरू झालेले असतात.

टप्पा २: बेल्ट सोडायच्या आधीचं काम

बॅग आली नाही हे कळल्यावर कस्टमच्या बाहेर पडायच्या आधी बॅगेज काउंटरवर जाऊन पीआयआर करून घ्यायचा, म्हणजे प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट. त्याला एक रेफरन्स नंबर मिळतो, आधी विमानतळाची तीन अक्षरं, मग एअरलाइनची दोन, मग पाच आकडे. पुढचं सगळं आयुष्य याच नंबरावर चालतं. दोन एअरलाइन्सचा जोडप्रवास असेल तर ज्या विमानाने शेवटी उतरलात त्यांच्याच काउंटरवर जायचं. कायद्याने पहिली, शेवटची किंवा जिच्याकडे बॅग असताना हरवली ती, यातल्या कुणाकडेही क्लेम करता येतो, पण व्यवहारात शेवटचीच फाइल उघडते, "आम्ही नाही, त्यांनी चढवलीच नाही" असं म्हणाले तरी हलायचं नाही.

रिपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचा:

- आडनावाचं स्पेलिंग. वर्ल्डट्रेसर या सिस्टिममध्ये बॅग आडनाव आणि रेफरन्स नंबर टाकून बघता येते, स्पेलिंग चुकलं की फाइलच उघडत नाही. काकूंचं एक अक्षर खरंच चुकलेलं होतं, लेकीने तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं.
- बॅग टॅगचा १० आकडी नंबर, चेकइनला मिळालेल्या स्टिकरशी ताडून. दोन बॅगा असतील तर न आलेल्या बॅगेचाच टाकलाय ना बघा, ही गल्लत फार होते.
- पत्ता आणि फोन. जिथे राहणार आहात तिथला पत्ता हवा, पासपोर्टवरचा डोंबिवलीचा नाही, नाहीतर सापडलेली बॅग डोंबिवलीला जाते.
- रंग, प्रकार आणि आतल्या दोन-तीन ठळक वस्तू. टॅग फाटून पडलेल्या बॅगा आतल्या सामानावरूनच ओळखतात, त्यामुळे "कपडे" लिहून काही उपयोग नाही, "हिरवी पैठणी, स्टीलचा गोल डबा" लिहा.

परतीच्या प्रवासात भारतात उतरताना बॅग आली नाही तर अजून एक कागद घ्यायचा, आणि हा जवळजवळ कुणीच घेत नाही. बॅग आली नाही असं एअरलाइनकडून सर्टिफिकेट घेऊन त्यावर कस्टमचा सही-शिक्का घ्यायचा, ड्युटी-फ्री सवलतीतला किती भाग वापरायचा राहिलाय तो लिहून. नंतर बॅग आली की ती उरलेली सवलत त्या बॅगेला मिळते, नाहीतर बॅग सोडवताना कटकट होते.

तपासा: बोर्डिंग पास, टॅगचं स्टिकर, पीआयआर, तिकीट. चारही कागदांचे फोटो काढून विमानतळावरच कुणालातरी पाठवून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात.

टप्पा ३: मधल्या दिवसांचा खर्च

बॅग येईपर्यंत गरजेच्या वस्तू घेता येतात आणि तो खर्च मागता येतो. रोज किती याचा ठराविक दर कन्व्हेन्शनमध्ये नाही, "२४ तासांनंतरच" अशी अटही नाही, काउंटरवर कुणी सांगितलं तर तो त्यांचा आतला नियम आहे. कसोटी एकच: त्या ठिकाणी, त्या हवेत, त्या कामासाठी ही वस्तू खरंच लागली का? उणे १२ मध्ये कोट आणि बूट लागतात, त्यावर कुणी वाद घालत नाही. तोच कोट मे महिन्यात घेतलात तर घालतील.

आपल्या स्वतःच्या शहरात उतरलात आणि बॅग आली नाही तर मात्र या खर्चावर एअरलाइन फार काही देत नाही, घरी कपाट आहे ना तुमचं. चष्मा, औषधं असलं काही बॅगेत होतं तर ते तेवढं मागा.

काकूंचा हा भाग असा झाला, कॅनेडियन डॉलरमध्ये:

- हिवाळी कोट: १४९
- बर्फातले बूट: ८५
- थर्मल आणि दोन स्वेटर: ११२
- अंतर्वस्त्रं, साबण, ब्रश वगैरे: ६४
- वॉक-इन क्लिनिकची फी आणि बीपीच्या गोळ्या: १३०

एकूण ५४० डॉलर, आणि कार्ड स्टेटमेंटवर रुपयांत प्रत्यक्ष गेले ३४,४१०. गुगलवरचा त्या दिवशीचा रेट लावत बसू नका, बँकेने कापलेली रक्कमच लावा आणि स्टेटमेंटचं ते पान जोडा.

क्लिनिकची फी बघून एअरलाइनने प्रश्न विचारलाच, की औषधं हँडबॅगेत का नव्हती. उत्तर तयार होतं: आठवड्याच्या गोळ्या हँडबॅगेत होत्या, तीन महिन्यांच्या चेकइनमध्ये, आठवडा संपल्यावर डॉक्टरकडे जावं लागलं, आणि बिलाची तारीख १८ जानेवारी होती. तारखा जुळल्या की वाद मिटतो.

सावधान: बिल लेकीच्या कार्डावर असेल तर तिने आईसाठी पैसे भरले अशी एक ओळ तिच्याकडून लिहून सही करून घ्या. एकाच बिलात घरची भाजी आणि काकूंचे मोजे असं मिसळलेलं असेल तर मोज्यांच्या ओळीवर खूण करा आणि तेवढीच रक्कम धरा. भाजीसकट अख्खं बिल लावलेलं दिसलं की तपासणारा माणूस बाकीच्या बिलांकडेही तिरक्या नजरेने बघायला लागतो.

टप्पा ४: बॅगेत काय होतं त्याची यादी

ही यादी २१ दिवस संपायची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच करून ठेवा, नंतर आठवत नाही. बॅग भरतानाचे फोटो बघा, घरच्या ग्रुपवर "हे घेऊ का ते घेऊ" असे मेसेज असतात ते बघा, साडीचा फोटो कुठल्यातरी लग्नात असतोच. प्रत्येक ओळीत पाच गोष्टी: वस्तू, नग, कधी घेतली, तेव्हाची किंमत, पुरावा काय. आणि सहावी, आज तिची किती किंमत मागताय.

ती सहावी फार महत्त्वाची आहे, कारण भरपाई नुकसानाची मिळते, नव्या वस्तूची नाही. पाच वर्षांपूर्वीच्या बॅगेची नवी किंमत लावलीत तर ते स्वतः घसारा काढतात आणि तुमच्यापेक्षा कडक काढतात. आपणच जुन्या वस्तूची किंमत थोडी कमी करून लावली, आणि कशी कमी केली ते एका ओळीत लिहिलं, तर बहुतेक वेळा तो आकडा तसाच जातो असा माझा अनुभव आहे.

बिल नसलं तर काय? सगळ्यांची बिलं कुणाकडेच नसतात आणि हे त्यांनाही माहीत असतं. यूपीआयची हिस्टरी चालते, कार्ड स्टेटमेंट चालतं, दुकानदाराकडून डुप्लिकेट बिल मिळतं, साड्यांची दुकानं तर फोन नंबरवरून लगेच काढून देतात. काहीच नसेल तर वस्तू यादीत ठेवा पण "पुरावा नाही, अंदाजे" असं स्पष्ट लिहा, अशा ओळी एकूण रकमेत थोड्याच असल्या की चालून जातात.

काकूंची यादी:

- बॅग स्वतः: ६,२००
- चार साड्या: १८,५००
- बाळाचे कपडे, दुपटी, भेटवस्तू: ९,३००
- तीन महिन्यांची औषधं: ५,४००
- चपला-बूट: २,९००
- लाडू, अळीव, मसाले, इतर खाणं: ३,६००
- बाळाचे चांदीचे वाळे: ४,८००
- घरून नेलेला कोट आणि स्वेटर: ७,५००

लाडवांवर घरात बरीच चर्चा झाली. काकूंचं म्हणणं, तीन दिवस खपले त्याचे काय? मेहनतीचे पैसे मागता येत नाहीत, डिंक, खारीक, सुकं खोबरं, काजू-बदाम, तूप यांची किराणा बिलं मात्र होती, तीच जोडली. "घरगुती खाद्यपदार्थ, सामानाची किंमत" अशी ओळ टाकली.

वाळ्यांचं वेगळं. रोख, दागिने, लॅपटॉप, कागदपत्रं चेकइन बॅगेत ठेवू नका असं प्रत्येक एअरलाइनच्या अटींमध्ये असतं आणि त्या जोरावर ते ही ओळ कापतात. म्हणून अशा वस्तू लपवू नका पण बाकीच्यात मिसळूही नका, शेवटी वेगळ्या लिहा, म्हणजे वाद झाला तर त्या एका ओळीवर होतो, अख्ख्या क्लेमवर नाही.

टप्पा ५: रक्कम ठरवणं

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात, दोन्ही बाजूंनी.

मॉन्ट्रियलमध्ये बॅगेची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे, आधी १,२८८ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, त्याचा रोजचा दर त्यांच्या साइटवर असतो, आणि रुपयांत ही मर्यादा पावणेदोन लाखांच्या आसपास किंवा थोडी वर जाते. ही मर्यादा माणशी आहे, बॅगेमागे नाही. मधला खर्च आणि हरवलेलं सामान दोन्ही मिळून याच एका मर्यादेत बसतं. बॅगेत याहून महाग सामान असेल तर चेकइनलाच जास्त किमतीचं डिक्लेरेशन देऊन वेगळे पैसे भरावे लागतात, नंतर सांगून उपयोग नाही.

पहिली चूक, लोक थेट "१,५१९ एसडीआर द्या" लिहितात. ती मर्यादा आहे, बक्षीस नाही. सामान ८५ हजाराचं असेल तर ८५ हजारच मिळतील.

दुसरी चूक उलटी. एअरलाइन कधीकधी किलोमागे २० डॉलर असा हिशोब पुढे करते, २३ किलोचे ४६० डॉलर, आणि लोक घेऊन मोकळे होतात. किलोचा हिशोब जुन्या वॉर्सा कन्व्हेन्शनचा आहे. तुमच्या प्रवासाला मॉन्ट्रियल लागू असेल तर वजनाचा काही संबंध नाही. काकूंचा प्रवास भारतातून सुरू होऊन रिटर्नने भारतातच संपणारा, मधे कॅनडा, म्हणजे मॉन्ट्रियल सरळ लागू.

तिसरी, एकाच वस्तूचे दोनदा पैसे. हरवलेल्या बॅगेतला कोट मागायचा आणि टोरंटोला घेतलेला कोटही मागायचा, हे कापलं जातंच. आम्ही घरचा कोट आणि स्वेटर, ७,५००, यादीत दाखवला पण रकमेतून वजा केला आणि तसं लिहिलं. मग हिशोब असा:

- सामान: ५८,२०० वजा ७,५०० = ५०,७००
- मधला खर्च: ३४,४१०
- एकूण: ८५,११०

मनस्ताप, बाळाच्या बारशाला साडी नव्हती, याचे पैसे यात घालू नका. क्लेम विभाग त्याला हात लावत नाही, आणि त्यामुळे खरा आकडाही फुगवलेला वाटतो. ते पुढे ग्राहक आयोगात मागता येतं.

तपासा: ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे का? असेल तर त्यांनाही लगेच कळवा, त्यांची मुदत वेगळी असते आणि तेही पीआयआर मागतात. पण एकाच वस्तूचे पैसे दोघांकडून घेता येत नाहीत, इन्शुरन्सने जे दिलं ते एअरलाइनच्या पत्रात दाखवावं लागतं.

टप्पा ६: पत्र

पत्र परदेशी एअरलाइनला इंग्रजीत जाईल, इथे मजकूर मराठीत देते म्हणजे कुठल्या वाक्याचं काय काम आहे ते कळेल. दीड पानाच्या वर नको. वाचणारा माणूस समोर फाइल उघडून एकेक गोष्ट टिक करत असतो, त्याला जे टिक करायचंय ते त्याच क्रमाने द्या.

*विषय: हरवलेल्या बॅगेबद्दल लेखी तक्रार व भरपाईची मागणी. पीआयआर क्रमांक …, टॅग क्रमांक …, तिकीट क्रमांक …*

*प्रति, बॅगेज क्लेम विभाग,*

*मी १० जानेवारी रोजी आपल्या … क्रमांकाच्या विमानाने मुंबईहून … मार्गे टोरंटोला पोचले. वरील टॅगची माझी चेकइन बॅग पोचली नाही. मी विमानतळावरच पीआयआर नोंदवला, प्रत सोबत आहे.*

*बॅग येण्याच्या तारखेनंतर २१ दिवस उलटले असून ती अद्याप मिळालेली नाही. त्यामुळे मॉन्ट्रियल कन्व्हेन्शन १९९९ च्या कलम १७(३) नुसार मी ती हरवलेली मानून कलम १७ आणि १९ नुसार भरपाई मागत आहे. हे पत्र माझी लेखी तक्रार समजावे.*

*माझी मागणी: (अ) बॅग व सामान ५०,७०० रुपये, परिशिष्ट १. (ब) बॅगेअभावी करावा लागलेला आवश्यक खर्च ३४,४१० रुपये, परिशिष्ट २. एकूण ८५,११० रुपये. ही रक्कम कलम २२(२) च्या मर्यादेच्या आत आहे. परिशिष्ट १ मधील कोट व स्वेटर यांची किंमत, नवीन कोट व स्वेटर (ब) मध्ये असल्यामुळे, धरलेली नाही.*

*या नुकसानीसाठी मला विमा कंपनीकडून काही मिळालेले नाही.*

*कृपया ३० दिवसांच्या आत रक्कम खालील खात्यात जमा करावी. मागणीचा कुठलाही भाग नाकारायचा असल्यास कुठली ओळ आणि कुठल्या कारणाने ते लेखी कळवावे. व्हाउचर किंवा माइल्स मला मान्य नाहीत.*

*सोबत: पीआयआर, बोर्डिंग पास, टॅग, तिकीट, परिशिष्ट १ व २, बिले क्रमांक १ ते …, कार्ड स्टेटमेंट, पासपोर्टचे पहिले पान.*

"कुठली ओळ आणि कुठल्या कारणाने" हे वाक्य कापू नका. ते नसेल तर "आमच्या धोरणानुसार" असं एका ओळीचं उत्तर येतं आणि त्यावर पुढे कुठे अपील करायचं तेच कळत नाही. व्हाउचरचं वाक्यही तसंच, नंतर नाही म्हणण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं.

बॅग उशिरा आली असेल तर दुसरा परिच्छेद बदला: बॅग अमुक तारखेला मिळाली, इतके दिवस उशीर, कलम १९ नुसार फक्त मधला खर्च मागत आहे. (अ) गट काढून टाका.

बिलांना नंबर द्या, परिशिष्टातल्या प्रत्येक ओळीसमोर तोच नंबर लिहा, आणि सगळं एका पीडीएफमध्ये क्रमाने लावा. फोनवरून काढलेले चौदा तिरके फोटो वेगवेगळ्या मेलने पाठवलेत तर त्यातले चार नक्की हरवतात.

टप्पा ७: पाठवणं

एअरलाइनच्या साइटवर बॅगेज क्लेमचा फॉर्म असतो, तो भराच, पण फॉर्ममध्ये अक्षरांची मर्यादा असते म्हणून "सविस्तर पत्र जोडले आहे" लिहून पीडीएफ लावा आणि सबमिट झाल्यावरचा स्क्रीनशॉट घ्या. तेच पत्र क्लेम विभागाला ईमेलने, आणि भारतात त्यांचं ऑफिस असेल तर स्पीड पोस्टने. फोन, चॅट, एक्सवर टॅग करणं हे सगळं करा हवं तर, पण त्यातलं फोनवरचं बोलणं लेखी तक्रार नाही, आणि पीआयआर म्हणजे खर्चाचा क्लेम नाही. लोकांचे क्लेम सगळ्यात जास्त इथेच बुडतात.

मूळ बिलं मागितली तरी आधी स्कॅन द्या. मूळ पाठवायचीच वेळ आली तर रंगीत प्रती ठेवून पाठवा.

टप्पा ८: उत्तर आल्यावर, किंवा न आल्यावर

३० दिवसांत उत्तर नाही तर त्याच मेलच्या साखळीत दोन ओळींची आठवण, नवीन मेल नको, नाहीतर नवीन फाइल उघडते. मग भारतातल्या एअरलाइनच्या साइटवर नोडल ऑफिसर आणि त्याच्या वर अपेलेट ऑथॉरिटी यांची नावं असतात, त्यांना त्या क्रमाने. त्यासोबतच airsewa.gov.in वर तक्रार टाका, ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची साइट आहे, पत्राची पीडीएफ तिथेही जोडता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

तरी काही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन, आणि तिकिटाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. तिथे हेच पत्र, हीच परिशिष्टं लावायची, म्हणून तर ती पहिल्यापासून नीट हवीत.

काकूंना पहिलं उत्तर किलोच्या हिशोबाचं आलं. आम्ही कलम २२(२) दाखवून पुन्हा लिहिलं, तेव्हा ओळीवार उत्तर आलं: वाळे नामंजूर, खाण्याचे निम्मे, साड्यांवर थोडा घसारा, बाकी मंजूर. काकूंनी वाळ्यांसाठी भांडायचं नाही असं ठरवलं, तो त्यांचा निर्णय. मला विचाराल तर ४,८०० साठी वर्षभर फिरण्यात अर्थ नव्हताच.

सावधान: पैसे द्यायच्या आधी एअरलाइन एक रिलीज फॉर्म पाठवते, त्यात "पूर्ण आणि अंतिम भरपाई" असे शब्द असतात. सही केली की संपलं, त्यानंतर नवीन बिल निघालं तरी मागता येत नाही. म्हणून सहीच्या आधी रक्कम, चलन, खात्याचा नंबर आणि कुठल्या ओळी सोडल्या ते ताडून बघा. फक्त मधल्या खर्चाचे पैसे देऊन हा फॉर्म पाठवला असेल तर "फक्त परिशिष्ट २ पुरते, सामानाची मागणी कायम" असं लिहून परत पाठवा आणि सुधारलेला फॉर्म मागा. आणि बॅग पुढे कधी सापडली तर तिचं काय, परत मिळेल की त्यांच्याकडे राहील, हे त्या फॉर्ममध्ये कुठेतरी बारीक अक्षरात असतं, ती ओळ शोधून वाचा आणि मगच सही करा.